चित्रांची क्रमवारी आणि परीक्षकाची आवड

पोळ्याचा सण आटोपला की मलकापूर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून बैलांच्या चित्रांचे गठ्ठे जमू लागतात. शाळेतील निवडक चित्रे केंद्राकडे जातात, केंद्रातील निवडक पुढे जातात आणि प्रत्येक पायरीवर कोणी तरी गुरुजी वा बाई ती टेबलावर पसरून त्यांवर क्रमांक घालीत असतात. गणिताच्या उत्तराप्रमाणे येथे बरोबर व चूक असा निवाडा नसतो. तरीही कागदाच्या पाठीवर ‘पहिला’ हा शब्द उमटला की तो गणिताच्या उत्तराइतकाच पक्का दिसू लागतो. मुलाला तो तसाच वाटतो, पालकांना वाटतो, आणि काही दिवसांनी खुद्द परीक्षकालाही वाटू लागतो. या पक्केपणाच्या आत परीक्षकाची व्यक्तिगत आवड किती मुरलेली असते आणि ती कोणत्या वाटेने आत येते, हे पाहणे हा या लेखाचा विषय होय.

आवड असणे हा दोष नव्हे. ज्याला चित्रांत काहीच आवडत नाही, त्याच्या हाती चित्रे न देणेच बरे. प्रश्न निर्माण होतो तो आवड निकषाचा वेष घेऊन येते तेव्हा. ‘हे चित्र मला आवडले’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा त्याची यथायोग्य वजाबाकी करू शकतो. परंतु ‘हे चित्र सरस आहे’ असे म्हटले म्हणजे वजाबाकीस जागाच उरत नाही.

उदाहरणादाखल इयत्ता तिसरीच्या मुलांची सहा चित्रे कल्पू. विषय एकच, ‘आमच्या गावचा पोळा’. त्यांना क, ख, ग, घ, च आणि छ अशी नावे देऊ.

क या चित्रात एकच बैल आहे. प्रमाणबद्ध, डौलदार, पेन्सिलीच्या छायेने गोलाई आणलेला. मात्र तशाच वळणाचा बैल अनेक दिनदर्शिकांवर व पाठकोऱ्या वह्यांवर पाहावयास मिळतो. ख या चित्रात सारा गाव आहे. मधोमध रस्ता, त्यावर आंब्याच्या पानांचे तोरण, आणि दोन्ही बाजूंस बैलांच्या रांगा. परंतु पलीकडची रांग सरळ उभी असून अलीकडची रांग पाय वर केल्यासारखी उलटी काढली आहे. ग हे चित्र तेलकट खडूंनी काठोकाठ रंगविलेले आहे. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, आणि कोपऱ्यात एक बैल. घ मध्ये एक बाई बैलाला पुरणपोळी भरवीत आहे, तिचा हात तिच्या धडाएवढा मोठा झाला आहे. च मध्ये पट्टीने आखलेली सुबक चौकट, त्यात ‘पोळा’ हे वळणदार अक्षर आणि खाली लहानसा बैल. छ मध्ये पावसात पाठमोरा उभा असलेला, अंगावर झूल नसलेला बैल आहे. निम्मा कागद कोराच आहे.

आता दोन परीक्षक घेऊ. दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक. पहिल्या परीक्षकांचे वर्ग स्वच्छ, फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे. त्यांनी क्रम लावला तो असा: क, च, ग, घ, छ, ख. दुसऱ्या परीक्षिकांना मुलांच्या गोष्टी ऐकण्याची हौस. त्यांचा क्रम असा: ख, घ, छ, ग, क, च. एकाचे पहिले चित्र दुसरीकडे पाचवे आहे, आणि दुसरीकडचे पहिले येथे शेवटचे आहे.

अशा वेळी नेहमीचा उपाय म्हणजे दोघांचे क्रमांक मिळवून सरासरी काढणे. तो येथे करून पाहावा. क ला एक आणि पाच, म्हणजे सहा. घ ला चार आणि दोन, म्हणजे पुन्हा सहा. ग ला तीन आणि चार, सात. ख ला सहा आणि एक, सात. च ला दोन आणि सहा, आठ. छ ला पाच आणि तीन, तेही आठ. सहा चित्रांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अवघ्या दोन गुणांचे अंतर उरले. एका परीक्षकाला ठामपणे शेवटचे वाटलेले आणि दुसरीला ठामपणे पहिले वाटलेले ख हे चित्र आता मध्येच कोठे तरी, कोणालाही न खटकणाऱ्या जागी जाऊन बसले. सरासरीने मतभेद मिटला असे दिसते. वास्तविक तो केवळ झाकला गेला. दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या होत्या. शेर आणि गज यांची बेरीज केल्याने जे हाती येते, तेच येथे आले.

या दोघांनी नेमके काय मोजले, हे त्यांच्या क्रमावरून ओळखता येते. पहिल्या परीक्षकांच्या वरच्या तिन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. ती चित्रे प्रौढांच्या डोळ्यांना ‘पूर्ण’ वाटतात. रेषा ठाम आहे, कागद भरलेला वा नीट आखलेला आहे, डाग नाही. ख शेवटी गेले ते उलट्या बैलांमुळे. ‘मुलाला दिशेचे भान नाही’ असा शेराही कदाचित त्यावर पडला असता.

येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण उलटे बैल हा हलगर्जीपणा नव्हे. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे फ्रेंच विद्वान ल्यूके यांनी 1927 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नसून त्याला ठाऊक असते ते काढते. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या आपल्या ग्रंथात सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या चित्रांतील हीच दुमड वर्णन केली. मूल रस्त्याच्या मधोमध उभे आहे अशी कल्पना करावी. डावीकडे पाहिले की बैल रस्त्याकडे पाय रोवून उभे आहेत, उजवीकडे वळून पाहिले की तेथेही पाय रस्त्याकडेच आहेत. कागद जणू रस्त्याच्या रेषेवर दुमडला, तर दोन्ही रांगा नीट उभ्या राहतील. कागद हाती घेऊन दुमडून पाहावा, मुलाचे म्हणणे पटते. आठ वर्षांच्या मुलाने सारा पोळा एका कागदावर आणण्यासाठी शोधलेली ही युक्ती आहे. यथार्थदर्शनाच्या, म्हणजे दूरचे लहान व जवळचे मोठे दाखविण्याच्या नियमाने तिला मोजणे म्हणजे तिसरीच्या मुलाला बीजगणित विचारण्यासारखे आहे. घ मधील मोठ्या हाताचेही तसेच. भरविणारा हात मुलाला महत्त्वाचा वाटला, म्हणून तो मोठा झाला.

तथापि दुसऱ्या परीक्षिकाही आवडीपासून मुक्त नाहीत. च या चित्राला त्यांनी तळाशी ढकलले ते पट्टी पाहताच. परंतु आठ वर्षांच्या मुलाने ‘पोळा’ हे अक्षर समान जाडीत, समान अंतरावर बसविणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांना गोष्ट सांगणारी चित्रे प्रिय, म्हणून गोष्ट न सांगणाऱ्या चित्रातील कसब त्यांच्या डोळ्यांना दिसलेच नाही. आवडीची पहिली खूण ही की ती काही गोष्टी मोठ्या करून दाखविते, आणि दुसरी, अधिक अवघड खूण ही की ती काही गोष्टी दिसूच देत नाही.

आवड शिरण्याच्या आणखी काही वाटा आहेत. त्या स्वभावातून कमी आणि व्यवस्थेतून अधिक येतात. चित्रे दोरीला लावली असता डोळ्यांच्या उंचीवरची चित्रे जास्त वेळ पाहिली जातात. भडक चित्रानंतर फिकट चित्र आले की ते आहे त्याहून फिके दिसते, म्हणजे ग नंतर छ पाहणाऱ्याला छ मधला पाऊस दिसत नाही, केवळ कोरा कागद दिसतो. तेलकट खडू व साधे मेणखडू यांतील फरक हा पुष्कळदा मुलाच्या हाताचा नसून पालकांच्या खिशाचा असतो. अलीकडे चित्रांची छायाचित्रे मोबाईलवर पाठवून निवड करण्याची प्रथा पडली आहे. तळहाताएवढ्या पडद्यावर क मधला एकटा बैल तसाच ठसठशीत राहतो, ग चे रंग अधिकच उजळतात, आणि ख मधले बैल मुंग्यांसारखे होऊन त्यांच्या पाठीवरच्या झुली, शिंगांचे बेगड, बाशिंग हे सारे नाहीसे होते. पहिल्या फेरीची निवड छायाचित्रांवरून झाली असेल, तर ठसठशीतपणा हा एक निकष कोणीही न ठरविता आपोआप लागू झाला, असे समजावे.

आपल्या निवाड्यात माप मध्येच बदलले की काय, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी 1927 साली, ज्या गोष्टी तराजूत घालता येत नाहीत त्यांच्या मोजमापासाठी दोन-दोनांच्या तुलनेची पद्धत मांडली. सगळी चित्रे एकदम पसरण्याऐवजी एका वेळी दोनच समोर ठेवावीत आणि एकच प्रश्न विचारावा, यातील वरचे कोणते? सहा चित्रांच्या अशा पंधरा जोड्या होतात. उत्तरे लिहून ठेवावीत. समजा ग पेक्षा क वरचे ठरले, क पेक्षा घ वरचे ठरले, आणि घ पेक्षा ग वरचे ठरले. हे चक्र झाले. असे चक्र निघाले म्हणजे तीन जोड्यांत तीन निरनिराळी मापे वापरली गेली असण्याचा संभव मोठा. ग आणि क यांच्यात नेमकी रेषा पाहिली, क आणि घ यांच्यात प्रसंग पाहिला, घ आणि ग यांच्यात रंग पाहिला. प्रत्येक उत्तर त्या जागी खरे होते, पण तिन्हींची मिळून एक क्रमवारी होत नाही. चाळीस चित्रांच्या मात्र सातशे ऐंशी जोड्या होतात. एवढा वेळ कोणत्याही शिक्षकाजवळ नाही, म्हणून ही कसोटी शेवटच्या पाच-सहा चित्रांपुरतीच ठेवावी. तेवढ्यानेही पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी कसोटी त्याहून सोपी आहे. चित्रांची नावे झाकून, गठ्ठा पिसून, आठ दिवसांनी पहिली यादी न पाहता पुन्हा क्रम लावावा. जी चित्रे दोन-तीन जागा सरकली, ती चित्रे वाईट आहेत असे नव्हे. त्यांच्या बाबतीत परीक्षकाचे माप अद्याप ठरलेले नाही, एवढेच कळते.

माप ठरवावे कसे, याचे एक जुने व बोधप्रद उदाहरण फ्रान्समधील आहे. रॉजे द पील या कलासमीक्षकाने 1708 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपातील प्रसिद्ध चित्रकारांना चक्क गुण दिले. रचना, रेखाटन, रंग आणि भावदर्शन असे चार रकाने पाडून प्रत्येक रकान्यात वीसपैकी गुण, अशी त्याची रीत होती. राफाएलला त्याने रेखाटनात अठरा व रंगात बारा दिले. रूबेन्सला रेखाटनात तेरा आणि रंगात सतरा. मायकेलअँजेलोला रंगात अवघे चार. रेम्ब्रांटला रंगात सतरा देऊन रेखाटनात सहावर आणून ठेवले, आणि काराव्हाज्जोला भावदर्शनात शून्य दिले. आजच्या वाचकाला हे वाचून हसू येईल, आणि काराव्हाज्जोच्या बाबतीत तर ते योग्यच आहे. त्या काळी फ्रान्समध्ये रेखाटन श्रेष्ठ की रंग श्रेष्ठ, असा मोठा वाद होता आणि द पील रंगाच्या बाजूचा, रूबेन्सचा अभिमानी होता.

असे असूनही तीनशे वर्षांनंतर ते कोष्टक उपयोगाचे राहिले आहे. त्याने नुसती यादी दिली असती, पहिला रूबेन्स, दुसरा राफाएल अशी, तर ती आज कोणाच्याही कामाची नसती. रकाने उघडे ठेवल्यामुळे आपण त्याच्याशी भांडू शकतो. भावदर्शन म्हणजे त्याच्या लेखी काय होते, हे त्या शून्यावरूनच उमगते. ज्याला रेखाटनच महत्त्वाचे वाटते, तो तोच रकाना वाचून आपली यादी बनवू शकतो. त्याने चार रकान्यांची बेरीज दिली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. बेरीज केली तर राफाएल आणि रूबेन्स दोघांचीही पासष्टच येते. म्हणजे बेरजेत ज्यांच्यात काही फरक नाही, ते दोघे रकान्यांत अगदी भिन्न प्रकृतीचे दिसतात.

आपल्याकडेही या विचाराचे एक परिचित रूप आहे. कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ग्रेड रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. समोरच्या घागरीचे निरीक्षण करून काढलेले चित्र आणि आठवणीतून काढलेला बाजार यांची एकमेकांशी तुलना केली जात नाही. कोणते कसब पाहिले जात आहे, हे आधीच जाहीर असते. शाळेतल्या पोळ्याच्या स्पर्धेत मात्र निरीक्षण, स्मरण, सजावट हे सारे एकाच गठ्ठ्यात येते आणि परीक्षक न बोलता त्यातून एकाची निवड करून टाकतो.

तेव्हा सहा चित्रांकडे परत वळू. दोन्ही परीक्षकांनी चित्रे पाहण्यापूर्वी पुढील आशयाचे टिपण लिहिले आहे असे समजू. ही निवड, मुलाने स्वतः अनुभवलेला सण कागदावर किती आला, हे पाहण्यासाठी आहे. मुले आठ-नऊ वर्षांची आहेत, म्हणून यथार्थदर्शन व शरीराचे प्रमाण यांच्या चुका धरल्या जाणार नाहीत. रंगसाहित्याचा दर्जा मोजला जाणार नाही. छापील चित्राची नक्कल दिसल्यास तिला दोष नाही, पण अनुभवाचे गुणही नाहीत. तीन गोष्टी पाहिल्या जातील. पहिली अनुभव, म्हणजे त्या गावातील, त्या घरातील अशी एखादी गोष्ट जी पाहिल्याशिवाय काढता येणार नाही. दुसरी मांडणी, म्हणजे कागदाच्या जागेचा उपयोग. तिसरी रेषा व रंग यांची हाताळणी. प्रत्येकीस दहापैकी गुण देऊन त्यांना अनुक्रमे पाचपट, तिप्पट व दुप्पट वजन दिले जाईल.

या टिपणातील सर्वांत कामाचे वाक्य अनुभवाची व्याख्या करणारे होय. ‘सुबकता’, ‘सौंदर्य’, ‘कल्पकता’ असे शब्द निकष म्हणून लिहिले की आवड मागच्या दाराने परत येते, कारण या शब्दांत प्रत्येक जण आपल्याला हवे ते भरतो. पहिले परीक्षक सुबकता म्हणजे पट्टीची रेषा समजतील, दुसऱ्या परीक्षिका सुबकता म्हणजे चपखलपणा समजतील. बोट ठेवून दाखविता येईल अशी गोष्ट लिहिली असेल, तरच दोघांना एकाच गोष्टीबद्दल भांडता येते.

या टिपणानुसार पहिल्या परीक्षकांचा क्रम झाला घ, ख, छ, ग, क, च. दुसऱ्या परीक्षिकांचा झाला ख, घ, छ, क, ग, च. पहिल्या परीक्षकांची आवड बदललेली नाही. क आणि च त्यांना आजही अधिक भावतात, आणि ते तसे मोकळेपणी म्हणतील. परंतु ‘या कामासाठी’ त्यांनी घ वर ठेवले. मतभेद उरला तो ख आणि घ यांच्यात आणि क व ग यांच्यात. तोही आता कोठे आहे हे सांगता येते.

त्यातील पहिल्याचा हिशेब पाहू. दुसऱ्या परीक्षिकांनी ख ला अनुभवाचे नऊ, मांडणीचे सहा आणि हाताळणीचे पाच गुण दिले. पाचपट, तिप्पट व दुप्पट करून बेरीज झाली त्र्याहत्तर. घ ला अनुभवाचे सात, मांडणीचे नऊ, हाताळणीचे पाच. बेरीज बहात्तर. छ ला सहा, सहा आणि सात. बेरीज बासष्ट. आता वजने थोडी हलवून पाहावीत. अनुभव चौपट, मांडणीही चौपट, हाताळणी दुप्पट केली तर ख चे सत्तर होतात आणि घ चे चौऱ्याहत्तर. क्रम उलटला. छ चे मात्र पुन्हा बासष्टच राहिले आणि त्याची तिसरी जागा हलली नाही.

एवढ्या लहान हिशेबाने दोन गोष्टी उघड झाल्या. पहिल्या व दुसऱ्या जागेचा निकाल चित्रांनी दिलेला नसून पाचपट की चौपट या ठरावाने दिलेला आहे, म्हणून ती दोन्ही चित्रे बरोबरीची म्हणावीत व दोन्ही पुढे पाठवावीत. तिसऱ्या जागेबद्दल मात्र अधिक खात्रीने बोलता येते. एकाच गुणाच्या फरकावर ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ लिहून मोकळे होणाऱ्या यादीत हा भेद कधीच दिसला नसता. निकषांची संख्या दहा-बारावर नेऊन शंभरपैकी त्र्याहत्तर पूर्णांक पाच असे गुण देणाऱ्यांनाही तो दिसत नाही. गुणांचा बारीकपणा वाढतो, निवाड्याचा नव्हे.

हेतू बदलला की यादी बदलेल, आणि बदलावयासच हवी. मलकापुरातील एखाद्या शाळेला या सहा जणांतून बारकाईने निरीक्षण करणारी मुले शोधावयाची आहेत असे धरले, तर छ हे चित्र सर्वांच्या वर येईल. पाठमोऱ्या बैलाच्या मागच्या पायांची ढोपरे नेमकी कोठे वळतात, ओले शेपूट कसे लोंबते, हे त्या मुलाने पाहिले आहे. कोऱ्या अर्ध्या कागदाचा तेथे काही संबंध नाही. आणि क, जे एरवी रेखाटनाचा नमुना म्हणून पहिले आले असते, ते येथे तळाशी जाईल. ते वाईट आहे म्हणून नव्हे, तर नकलेवरून त्या मुलाच्या निरीक्षणाबद्दल काहीच सांगता येत नाही म्हणून. अशा मुलासमोर खरा बैल वा निदान मातीचा बैल ठेवून पुन्हा काढावयास सांगावे, मगच त्याचा विचार करावा. उलट शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ निवडावयाचे असेल, तर च ला तोड नाही. त्या कामी अक्षर, चौकट आणि दुरून वाचता येणे हेच निकष आहेत. तीन कामे, तीन याद्या, आणि तिन्ही खऱ्या.

या रीतीलाही मर्यादा आहेत. पहिली ही की टिपण चित्रे पाहण्यापूर्वी लिहिलेले असावे. मनात पहिले चित्र आधी ठरले आणि मग त्याला जुळतील असे निकष लिहिले, तर ते टिपण आवडीची वकिली होते. हे ओळखण्याचा मार्ग असा की टिपणातील प्रत्येक निकष पहिल्या आलेल्या चित्राच्याच बाजूचा असेल, तर संशय घ्यावा. खऱ्या मापात विजेत्यालाही कोठे तरी कमी गुण पडतात. वर ख ला मांडणीत सहाच मिळाले, तसे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. टिपण हे देखील माणसांनीच लिहिलेले असते. अनुभवाला पाचपट वजन द्यावे हाही एक कलच आहे, आणि तो दुसऱ्या परीक्षिकांच्या बाजूला झुकलेला आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल. गृहीते लिहिल्याने कल नाहीसा होत नाही. तो कागदावर येतो, इतकेच. पुढच्या वर्षीच्या परीक्षकाला किंवा केंद्रातील दुसऱ्या शिक्षकाला तो वाचता येतो, खोडता येतो, आणि गुण तेच ठेवून वजने बदलून आपली यादी काढता येते. नुसत्या क्रमांकांच्या यादीवर असे काहीच करता येत नाही. तिला मान्य तरी करावे लागते किंवा फेकून तरी द्यावे लागते.

तिसरी गोष्ट, एखादे चित्र टिपणाच्या चौकटीत मावतच नाही. एखाद्या मुलाने पोळ्याच्या दिवशी ज्याच्याकडे बैल नाही असे रिकामे दावण काढले, तर अनुभवाला किती गुण द्यावेत? ट्रॅक्टरने शेती करणाऱ्या घरातून अशी चित्रे येऊ लागली तर नवल नाही. अशा वेळी ओढूनताणून गुण देण्यापेक्षा ‘निकषांबाहेरचे’ असा शेरा मारून ते चित्र क्रमाशिवाय वेगळे पाठवावे आणि पुढच्या टिपणात त्याचा विचार व्हावा.

राहता राहिले ते मूल. ख चे चित्र काढणाऱ्या मुलाला पहिल्या यादीत शेवटची जागा मिळाली असती आणि कारण कोणीच सांगितले नसते. बहुतेक वेळा मूल स्वतःच कारण शोधते, आणि ते चुकीचे असते. बैल उलटे काढले म्हणून हसतात असे त्याला वाटले, तर पुढच्या वर्षी तेही वहीवरचा एकटा बैल गिरवील. टिपण भिंतीवर चित्रांशेजारी लावलेले असेल, तर क चे चित्र काढणाऱ्या मुलालाही सांगता येते की तुझा हात चांगला आहे, पण या वेळी तुझ्या घरच्या पोळ्याबद्दल विचारले होते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी कोणी लावले, तोरणाखाली कोणाचा बैल आधी गेला, हे त्याला विचारावे. बहुधा तो पुष्कळ काही सांगतो, आणि त्यातले कागदावर काहीच आले नव्हते हे त्याचे त्यालाच दिसते.